चुंबकाला जे चिकटलं

सोमवारी सकाळी पावणेअकराला बाळांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्याच्या धाकट्या साहेबांनी एका बातमीदाराला फोनवर सांगितलं, ‘‘आमच्या सीरियलमध्ये लोखंडाचा कणसुद्धा नाही.’’ जेवणाच्या सुट्टीच्या आत ते वाक्य त्यांच्या हसऱ्या फोटोसकट हजारो फोनांवर पोचलं.

वाक्य चुकीचं होतं.

कारखान्यात हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते क्वालिटीच्या बाईंना. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम एक बारीक चिमटा असायचा. कुठे काही वेगळं दिसलं की तो बाहेर यायचा. म्हणून पॅकिंगमधल्या मुली त्यांना पाठीमागे ‘चिमटाबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी स्वतःच फोनवर ‘हां, चिमटाबाई बोलतेय’ म्हणून पलीकडच्या मुलीची बोबडी वळवली होती.

त्या सकाळी मात्र थट्टेला जागा नव्हती. आदल्या रात्रीपासून एक व्हिडिओ फिरत होता. त्यात फक्त एका बाईचे हात दिसत होते. हातांनी बाळांच्या सीरियलचा डबा उघडला, चार चमचे पावडर काचेच्या भांड्यात टाकली, पाणी ओतून पातळ केली आणि पिशवीत गुंडाळलेलं एक जाड चुंबक भांड्यात बराच वेळ फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा पिशवीला काळसर मिशी फुटल्यासारखी दिसत होती. मग आवाज आला, ‘‘हे बघा. मशीनचं पातं झिजतंय आणि आपल्या बाळांच्या पोटात जातंय.’’ डब्यावरचा बॅच नंबर स्वच्छ वाचता येत होता.

बाईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. हात नीटनेटके होते, घाई कुठेच नव्हती. काळी पावडर खरी होती, यात त्यांना शंका नव्हती. ती तिथे असणारच होती. त्या डब्यात लोह घालायला त्या स्वतः उभ्या असत. सहा महिन्यांपुढच्या बाळाला नुसत्या दुधातून पुरेसं लोह मिळत नाही, म्हणून सीरियलमध्ये अगदी बारीक, खाण्याच्या दर्जाची लोहपूड मिसळतात. ती धातूच असते. चुंबक तिला ओढणार. डब्याच्या मागे घटकांच्या यादीत ते लिहिलेलंही होतं. फक्त ती यादी वाचायला भिंग लागलं असतं.

त्या धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. धाकटे साहेब म्हणजे मालकांचे भाऊ. विक्री त्यांच्याकडे. माणूस दिलखुलास, आवाज मोठा, दुकानदारांच्या मुलांचे वाढदिवस पाठ.

‘‘वाचलंत?’’ ते म्हणाले. ‘‘एका वाक्यात तोंड बंद केलं.’’

‘‘साहेब, आपण लोह घालतो.’’

‘‘ते व्हिटॅमिनसारखं काहीतरी ना?’’

‘‘व्हिटॅमिनसारखं नाही. लोखंडाचीच पूड. चुंबकाला चिकटते.’’

धाकटे साहेब खुर्चीत पुढे सरकले. ‘‘अहो, पण मी पाहुण्यांना ते चुंबक दाखवतो की! लाइनवरचं. ते सगळं लोखंड ओढून घेतं म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत मला.’’

‘‘ते चुंबक मिश्रणाच्या आधी आहे. कुठून आलेला खिळा, तुकडा, मशीनचं काही असलं तर ते तिथे अडकतं. लोह त्याच्यानंतर घालतो. आधी घातलं तर चुंबक सगळं खाऊन टाकेल आणि बाळाला काहीच मिळणार नाही.’’

‘‘मग दहा वर्षं पाहुण्यांना मी अर्धीच गोष्ट सांगतोय?’’

‘‘पाहुणे खूश होऊन जात होते.’’ बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं नाही, साहेबांनाही नाही.

खरी भीती वेगळी होती आणि ती बाईंनी केबिनमध्ये बोलून दाखवली नाही. काळी पावडर आपली आहे, एवढ्यावरून ती सगळीच आपली आहे असं ठरत नव्हतं. धान्याचं पातळ पीठ वाफेने तापलेल्या मोठ्या फिरत्या ड्रमवर पसरतं, वाळून त्याचा पापुद्रा होतो आणि एक लांब पातं तो पापुद्रा खरवडून काढतं. पातं खरंच झिजतं. म्हणून ते ठरलेल्या वेळी बदलायचं असतं. व्हिडिओतल्या बाईने मनाने रचलेलं असलं तरी अगदीच हवेतलं रचलं नव्हतं.

त्यांनी लाइन थांबवायला सांगितली. ड्रम निवल्यावर पात्याची धार बोटाएवढ्या अंतराअंतरावर बॅटरीच्या उजेडात पाहिली. कपचा कुठे उडालेला नव्हता. चुंबकाची नळी उघडून पांढऱ्या फडक्याने पुसली. फडक्यावर नेहमीसारखी फिकट राखाडी रेघ उमटली, दुसरं काही नाही. ऑपरेटर शेजारी उभा होता.

‘‘आहे ना सगळं ठीक, मॅडम?’’

‘‘डोळ्याला तरी.’’

‘‘मग झालं की.’’

‘‘डोळ्याला ठीक म्हणजे ठीक नव्हे.’’ बाई फडकं पिशवीत घालत म्हणाल्या. ‘‘नाहीतर मी आणि तो व्हिडिओ, दोघंही डोळ्यावरच चाललोय.’’

प्रत्येक बॅचचे काही डबे कारखाना राखून ठेवतो. व्हिडिओतल्या बॅचचे डबे थंड खोलीत सीलबंद होते. त्यातले दोन त्यांनी बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवले. शिवाय प्रयोगशाळेच्या माणसाने त्याच बॅचचे दोन डबे स्वतः दुकानातून विकत घ्यावेत, असं सांगितलं. कंपनीने निवडलेल्या डब्यांवर कोण विश्वास ठेवणार?

प्रयोगशाळेतले डॉक्टर त्यांचे जुने सहकारी होते. फोनवर म्हणाले, ‘‘लोह मोजून देतो. पण लोह सापडणारच. त्याने काय सिद्ध होणार?’’

‘‘क्रोमियम आणि निकेल पण मोजा.’’

‘‘अच्छा.’’ ते हसले. ‘‘पात्याच्या मागावर आहात.’’

पातं स्टेनलेस स्टीलचं होतं आणि ड्रमवर क्रोमियमचा मुलामा होता. दोन्हींपैकी काहीही झिजून पिठात उतरलं असतं तर लोखंडासोबत क्रोमियम आलं असतं, पात्याचं असेल तर निकेलही. नुसत्या लोहपुडीत ते नावापुरतं. एका अर्थी पात्याला स्वतःची ओळख लपवता येणार नव्हती.

‘‘आणि एक करा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चुंबकाला आलेली पावडर पोटातल्या आम्लाइतक्या पातळ आम्लात, अंगाच्या तापमानाला ठेवा. किती विरघळते बघा.’’

‘‘उद्या दुपारी देतो. तोपर्यंत काही बोलू नका कुठे.’’

‘‘मी कुठे बोलते? बोलणारे बोलून बसलेत.’’

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा धाकटी जाऊ ओट्यापाशी उभी होती. दीर-जाऊ खालच्या मजल्यावर राहत, स्वयंपाकघर मात्र सगळ्यांचं एकच होतं. त्यांचं बाळ आता नऊ महिन्यांचं होतं, दोन दातांनी सगळ्या घराला चावत सुटलेलं. ओट्यावर बाईंच्याच कारखान्याचा डबा होता. तो बाईंनीच आणून दिला होता.

‘‘ताई, एकच सांगा,’’ जाऊ म्हणाली. ‘‘ह्याला देऊ की नको?’’

सासूबाई आतून ओरडल्या, ‘‘अगं, तिलाच काय विचारतेस? ती कंपनीची माणूस. दुकानदाराला विचारायचं का, माल ताजा आहे का म्हणून?’’

‘‘आई, तुम्ही थांबा हो जरा. ताई, सांगा ना.’’

बाईंनी मनाशी जुळवून पाहिलं. देऊ दे म्हणणं सोपं होतं. नव्याण्णव टक्के तर त्यांना खात्री होती. पण उरलेल्या एका टक्क्यासाठी त्यांनी दुपारी लाइन बंद पाडली होती. इथे, या ओट्यापाशी, तो टक्का खिशात घालून कसा ठेवायचा?

‘‘उद्या संध्याकाळपर्यंत थांब,’’ त्या म्हणाल्या.

जाऊचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.’’

‘‘ते लोखंड आम्हीच घालतो. मला वाटतं ठीक आहे. पण मला वाटणं आणि...’’

‘‘समजलं.’’ जाऊने डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, न वापरायच्या कपबशांच्या मागे ठेवला. मग पाठमोरीच म्हणाली, ‘‘आणि तो तुमचा साहेब? तो तर छातीठोक म्हणाला, लोखंड नाही म्हणून. तुम्ही म्हणता, आहे. मग त्याने कशाला सांगितलं नाही म्हणून? काही लपवायचं असल्याशिवाय कोण असं बोलतं?’’

बाईंकडे उत्तर होतं. तो माणूस अभिमानाने बोलला, लपवायला नाही. पण हे उत्तर ओट्यापाशी इतकं लंगडं वाटलं की त्यांनी ते दिलंच नाही.

मंगळवारी दुपारी अहवाल आला. चारही डब्यांत लोह लेबलवर छापलेल्या प्रमाणाइतकंच, म्हणजे शंभर ग्रॅममागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. क्रोमियम आणि निकेल साध्या धान्यात असतं तितकं, त्याहून जास्त नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कण बारीक आणि एकसारखे. खरवडलेल्या धातूचे वळलेले तुकडे किंवा कपचे कुठेच नाहीत. आम्लात अर्ध्या तासात बरीचशी पावडर विरघळली. बाईंनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, मग खुर्चीला पाठ टेकवून काही क्षण डोळे मिटले. हा आनंद नव्हता. दात दुखायचा थांबल्यावर वाटतं तसं काहीतरी होतं.

मोठ्या साहेबांच्या खोलीत निवेदन लिहायला त्या बसल्या. मोठे साहेब, म्हणजे मालक, कमी बोलायचे. टेबलावर तीन पेनं, तिन्ही एका रेषेत. जनसंपर्काच्या एजन्सीने आधीच एक मसुदा पाठवला होता. त्यात ‘निराधार’, ‘खोडसाळ’, ‘कायदेशीर कारवाई’ हे शब्द पहिल्या परिच्छेदातच होते.

‘‘हे नको,’’ बाई म्हणाल्या. ‘‘त्या बाईने जे दाखवलं ते खरं आहे. तिला खोडसाळ म्हटलं तर घरोघरी लोक चुंबक घेऊन बसतील, पावडर चिकटेल आणि आपण खोटे ठरू.’’

‘‘मग तुम्ही लिहा.’’

त्यांनी लिहिलं. एकेक वाक्य मोजून, जसं वजन करताना करतात तसं.

‘व्हिडिओत चुंबकाला चिकटलेली काळी पावडर आमच्या सीरियलमधलीच आहे. ते लोह आहे. बाळांना लोहाची कमतरता होऊ नये म्हणून ते ठरलेल्या प्रमाणात घातलं जातं. घरी चुंबक फिरवलंत तर तुम्हालाही ते दिसेल. ते मशीनच्या पात्याचं आहे, असं व्हिडिओत म्हटलं आहे. आम्ही ते तपासलं.’

पुढे चार डबे कुठून घेतले, कोणी घेतले, काय मोजलं, पात्याचं असतं तर काय सापडलं असतं आणि ते का सापडलं नाही. अहवाल जसाच्या तसा सोबत. त्याखाली दूरध्वनी क्रमांक आणि बाईंचं पद.

मोठ्या साहेबांनी वाचलं. ‘‘ ‘घरी चुंबक फिरवलंत तर दिसेल’ हे हवंच का? ज्यांनी पाहिलं नाही तेही पाहतील.’’

‘‘पाहू देत. आपण सांगितल्यावर पाहिलं तर वेगळं, आपण लपवल्यावर पाहिलं तर वेगळं.’’

ते पुढे वाचत गेले आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदावर थांबले.

‘सोमवारी आमच्या वतीने असं सांगण्यात आलं की सीरियलमध्ये लोखंडाचा कणही नाही. ते चुकून सांगितलं गेलं. ते बरोबर नव्हतं.’

मोठ्या साहेबांनी पेन उचललं. ‘‘हे काढू.’’

‘‘साहेब...’’

‘‘अहवाल आहे. आकडे आहेत. याची गरज काय? वर्तमानपत्रं उद्या आकडे सोडतील आणि हेच मथळ्यात घेतील. ‘कंपनीची कबुली.’ आणि तो माझा भाऊ आहे, बाई. बाजारात त्याच्या शब्दावर माल जातो.’’

‘‘तेच तर.’’

‘‘लोह निराळं, लोखंड निराळं, असं काही म्हणता येणार नाही?’’

‘‘चुंबकाला दोन्ही सारखंच, साहेब.’’

मोठे साहेब हसले नाहीत. पेन अजून हातात होतं. बाईंना जाऊची पाठ आठवली, फळीवर वर गेलेला हात आठवला.

‘‘काल माझ्या जावेने मला विचारलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिने आकडे नाही विचारले. तिने विचारलं, लोखंड आहे, तर तुमचा साहेब ‘नाही’ का म्हणाला. हे वाक्य काढलं तर अहवाल त्यांच्या बोलण्याविरुद्ध उभा राहतो. लोकांच्या हातात आपलीच दोन वाक्यं, एकमेकांना खोटं पाडणारी. ते दुसरं कशाला खरं मानतील?’’

‘‘तुमच्या जावेसाठी मी भावाला उघडा पाडू?’’

‘‘खाली क्रमांक माझा आहे. फोन मला येणार आणि पहिला प्रश्न हाच असणार. मी खरंच सांगणार. मग निवेदनात नाही आणि फोनवर आहे, असं होईल.’’ त्या पुढे म्हणाल्या, ‘‘हे वाक्य नसेल तर माझं पद आणि क्रमांक त्यावर घालू नका. दुसऱ्या कुणाचं घाला. मी राजीनाम्याची भाषा करत नाहीये. फक्त उत्तर द्यायला मी बसू शकणार नाही.’’

मोठ्या साहेबांनी पेन रेषेत परत ठेवलं, मग पुन्हा सरळ केलं.

तेवढ्यात दार न वाजवता धाकटे साहेब आत आले. सकाळपासून ते वितरकांकडे हिंडत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. ‘‘काय चाललंय? माझंच काहीतरी असणार.’’

मोठ्यांनी कागद पालथा करायला हात पुढे केला, पण धाकट्यांनी तो आधीच उचलला होता. ते उभ्यानेच वाचू लागले. बाईंनी नजर खिडकीबाहेर, मालाच्या गाड्यांकडे वळवली. बाहेर गाड्या उभ्याच होत्या. काल निघायच्या होत्या.

‘‘ ‘चुकून’?’’ धाकटे म्हणाले.

‘‘मी काढतोय ते वाक्य,’’ मोठे म्हणाले.

‘‘वाक्य नाही, ‘चुकून’ काढा.’’ त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्या शब्दावर बोट टेकलं. ‘‘मी काय अडखळून बोललो होतो? चांगलं ठणकावून सांगितलं. आज तीन वितरकांनी मला तोंडावर विचारलं, साहेब, लोखंड आहे की नाही? मी काय सांगणार? आहे म्हटलं तर काल खोटा, नाही म्हटलं तर आज खोटा. एकाने तर चुंबक काढून ठेवलं होतं टेबलावर, चहाच्या कपाशेजारी. मी चहा प्यायलो आणि चुंबकाकडे बघत बसलो.’’

‘‘मग काय लिहायचं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘लिहा, ‘विक्री विभागाच्या प्रमुखांनी पूर्ण माहिती न घेता सांगितलं.’ आमच्या वतीने वगैरे नको. वती कोण?’’ मग भावाकडे पाहून, थोडं हळू, ‘‘असू दे रे दादा. मी बाजारात राहतो. तिथे लपून राहता येत नाही.’’

मोठ्या साहेबांनी कागद आपल्याकडे ओढून पुन्हा वाचला. शेवटी म्हणाले, ‘‘ ‘पूर्ण’ शब्द तरी राहू दे.’’

‘‘राहू दे,’’ धाकटे म्हणाले. ‘‘थोडी माहिती होती. चुंबक कुठे आहे ते माहीत होतं.’’

यावेळी बाईंना हसू आवरलं नाही, आणि मोठ्यांनाही.

निवेदन त्याच संध्याकाळी कार्यालय बंद व्हायच्या आधी गेलं. सोबत एक छोटी चित्रफीत होती. तीत बाईंचे हात दिसत होते, त्याच प्रकारचं काचेचं भांडं, त्याच प्रकारचं चुंबक, आणि शेवटी आम्लाच्या कुपीत पावडर हळूहळू नाहीशी होताना. डब्याच्या मागच्या यादीत लोहाचं नाव मोठ्या अक्षरात छापायचं, असंही ठरलं. मात्र तो बदल पुढच्या छपाईपासून होणार होता.

फोन आले. पहिलाच एका आजोबांचा. ‘‘मग तो विक्रीवाला तसं का म्हणाला?’’ बाईंनी निवेदनातलं वाक्य वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, ‘‘हं,’’ आणि ठेवून दिला. त्या ‘हं’चा अर्थ काय लावायचा ते बाईंना ठरवता आलं नाही. दुसऱ्या एकीने सगळं शांतपणे ऐकलं, अहवालातलं क्रोमियमचं वाक्य दोनदा समजावून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘‘पण तुम्ही तर कंपनीच्याच ना?’’ एका वर्तमानपत्राने, मोठे साहेब म्हणाले होते तसंच, मथळा दिला: ‘लोखंड आहे, कंपनीची कबुली.’ दुसऱ्याने अहवाल पूर्ण छापला, सातव्या पानावर.

बुधवारी दुपारपर्यंत जे कळलं ते इतकं. सगळ्यात मोठ्या वितरकाने माल परत पाठवला नाही, विकायलाही काढला नाही. गोदामात ठेवलाय, ‘बघू’ म्हणाला. व्हिडिओ कुणी हटवलेला नाही. त्याखाली कुणीतरी निवेदनाचा दुवा टाकला आहे, आणि त्याखाली त्या हातांच्या बाईने एवढंच लिहिलं आहे: ‘वाचते.’

तीन वाजता बाईंचा फोन वाजला. धाकटी जाऊ.

‘‘ताई, फ्रिजवरचं चुंबक चालतं का?’’

‘‘ते कमजोर असतं. थोडंसं ओढेल.’’

‘‘ओढलं.’’ मग भांड्यात चमचा फिरल्यासारखा आवाज आला. ‘‘राईच्या दाण्याएवढं.’’

‘‘तेवढंच यायला हवं.’’

‘‘आई म्हणतायत, डोळ्याने बघितल्यावर मग पोटात घालायचं तरी कसं.’’

‘‘आणि तू?’’

मागून सासूबाईंचं काहीतरी चाललं होतं. बाईंनी विचारलं, ‘‘डबा कुठंय?’’

‘‘ओट्यावर. खाली काढलाय.’’

‘‘आणि तो?’’

‘‘झोपलाय अजून,’’ जाऊ म्हणाली. ‘‘उठला की बघते.’’